लग्न झालं, करारात जोडीदाराचं नाव घालायचंय? आधी हे वाचा

आमच्याकडे भाडेकरार करून गेलेले बरेच जण तरुण, एकटे राहणारे असतात. तुळशीचं लग्न उरकलं की त्यांचेच फोन सुरू होतात : "लग्न झालं, करारात बायकोचं नाव टाकून द्या ना. एकच तर नाव आहे." मुलींचेही येतात, नवऱ्याचं नाव घालायला. प्रत्येकाला तेच सांगून घसा बसतो, म्हणून हा कागद छापला.

एकच नाव, मग पुन्हा सगळा खर्च कशाला?

नोंदणी झालेल्या लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहायच्या परवान्याच्या करारात कुणालाच, अगदी आम्हालाही, नाव 'टाकता' येत नाही. दस्त नोंदला गेला की तो बंद झाला. प्रिंटवर पेनाने नाव लिहून दोघांनी सह्या केल्या, वर नोटरीचा शिक्काही घेतला, तरी नोंदलेला दस्त होता तसाच राहतो. चूक दुरुस्ती पत्र हे नावातल्या किंवा फ्लॅट नंबरातल्या चुकीसाठी असतं. नवा माणूस आणणं ही दुरुस्ती नव्हे. म्हणून आम्ही जुना करार एका तारखेला संपवतो आणि दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या मुदतीचा नवा करार दोघांच्या नावावर करतो. त्याला मुद्रांक, नोंदणी फी, दोन साक्षीदार आणि सगळ्यांचे अंगठे पुन्हा लागतात. त्यामुळे आमचं कामही पहिल्या कराराइतकंच होतं. आम्ही फी पुन्हा का घेतो, ते यावरून लक्षात येईल.

वेळ नेमका कुठे जातो

घरमालकाला नीट न सांगता आमच्याकडे येण्यात. फोनवर "हो हो" मिळालेलं असतं, पण ते कशाला मिळालं हे कुणी पाहत नाही.

कोथरूडमधली गोष्ट. भाडं १८,००० रुपये, डिपॉझिट ६०,०००, करार १ जूनपासून ११ महिन्यांचा. मुलाचं लग्न नोव्हेंबरच्या शेवटी झालं. मालकीणबाई नाशिकच्या. फोनवर म्हणाल्या, "अरे वा, आणा की सुनबाईंना!" आम्ही मजकूर तयार केला, चलन भरलं, अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस नाशिकला गेला. काकूंनी चष्मा लावून करार वाचला आणि विचारलं, "म्हणजे उद्या हा नोकरीसाठी बाहेर गेला, तर या एकट्या राहू शकतात?" उत्तर 'मुदतीपर्यंत हो' असंच होतं. काकूंनी अंगठा दिला नाही. त्यांनी होकार दिला होता तो सून घरात राहायला येण्याला. ती करारात परवानाधारक होणार, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परवाना ज्याच्या नावावर, हक्क आणि जबाबदारी त्याची. पत्नी कुटुंबातली म्हणून राहते तेव्हा ती त्याच्या आधाराने राहते. करारात तिचं नाव आलं की ती स्वतःच्या नावाने राहते, आणि भाडं थकलं तर मालक तिच्याकडेही मागू शकतो. हे दुसरं बऱ्याच नव्या सुनांना अंगठा देताना पहिल्यांदाच कळतं. तेव्हा घरी आधी बोला.

मालकाची भीती मात्र थोडी जास्तच असते. नाव वाढलं म्हणून परवान्याची भाडेकरी होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४ प्रमाणे मुदत संपली की दोघांनाही जागा सोडावी लागते आणि लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. हे आम्ही मालकांना फोनवर समजावतो. मजकूर भरण्याआधी आम्ही मालकाला स्वतः फोन करतो, याचा काहींना राग येतो. नाशिकची फेरी झाल्यापासून आम्ही ही पद्धत सोडलेली नाही.

मालकाला असं लिहा

व्हॉट्सॲपवर चालेल, पण लेखी हवं. भाडं तेच राहणार आणि खर्च कोण करणार, हे मालकाने विचारण्याआधीच सांगा.

"सप्रेम नमस्कार. माझं लग्न दि. ___ रोजी झालं. माझी पत्नी ___ दि. ___ पासून माझ्यासोबत आपल्या फ्लॅटमध्ये राहील. चालू करार संपवून उरलेल्या मुदतीचा नवा करार आम्हा दोघांच्या नावाने करावा, अशी विनंती आहे. भाडं, डिपॉझिट आणि शेवटची तारीख तीच राहील. नव्या कराराचा खर्च मी करीन. पत्नीचं आधार आणि विवाह नोंदणी दाखला सोबत पाठवत आहे. आपली संमती कळवावी."

विवाह नोंदणी दाखला नसेल तर आधी वॉर्ड ऑफिसला जा. नोंदणी लग्नापासून ९० दिवसांत करायची असते.

खर्च किती, आणि थांबावं का?

वरच्याच उदाहरणात १ डिसेंबरपासून नवा करार केला तर पाच महिने उरतात. भाडं ९०,००० रुपये, डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी पाच महिन्यांचं व्याज २,५०० रुपये. एकूण ९२,५०० वर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे २३१.२५ रुपये, तो वर गोल होतो. मुद्रांक किरकोळच आहे. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, वर आमची फी आणि मालकाची धावपळ, हे मुदत पाच महिने असो वा पन्नास, सारखंच.

त्यामुळे खरं सांगायचं तर पाच-सहा महिनेच उरले असतील तर आम्ही थांबायला सांगतो. तोवर मालकाचं संमतीपत्र घ्या, त्याची एक प्रत सोसायटीला द्या, पोलिसांकडच्या भाडेकरू माहितीत पत्नीचं नाव कळवा. पुढचा करार दोघांच्या नावाने करू. निम्म्या लोकांना करार हवा असतो तो फक्त पत्नीच्या आधारवरचा पत्ता बदलायला. त्यासाठी नव्या कराराची गरजच नाही. तुमच्या आधारवर हा पत्ता असेल तर विवाह दाखला लावून, तुम्हाला कुटुंबप्रमुख दाखवून तिचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो. तुमच्या आधार खात्यात विनंती येईल, ती ३० दिवसांत मंजूर करा. यात आमचं एक गिऱ्हाईक जातं, पण मेमध्ये तेच परत येतं.

मुदत बरीच उरली असेल, किंवा तुमची वरचेवर बदली होत असेल आणि पत्नी इथेच राहणार असेल, तर मात्र नवा करार आत्ताच करा. त्यात डिपॉझिटचं वाक्य तपासा : जुन्या करारातलं डिपॉझिट परत न देता नव्या कराराकडे वर्ग केलं, असं स्पष्ट हवं. नाहीतर कागदावर ते दोनदा दिलेलं दिसतं, आणि शेवटी परत कुणाच्या खात्यात जायचं यावर वाद होतो.

नाव आधारवर आज जसं आहे तसंच द्या, पत्रिकेवरचं नको. आडनाव बदलायचा अर्ज केला असेल तर ते बदलून येईपर्यंत थांबा.

येताना दोघांची आधार आणि पॅन, जुन्या कराराची इंडेक्स टू आणि मालकाचं संमतीचं उत्तर आणा. मालक येऊ शकत नसतील तर अंगठ्यासाठी आमचा माणूस घरी जातो, पुणे शहरात त्याचे वेगळे पैसे नाहीत. नाशिकचे मात्र घेतो.