ईएमडीआर आणि प्रोलाँग्ड एक्स्पोजर: फरक डोळ्यांत शोधावा की तुलनागटात?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सहकाऱ्याच्या क्लिनिकमध्ये आमचा जर्नल क्लब भरतो. गेल्या बैठकीत एका तरुण समुपदेशिकेने विचारले, "मॅडम, ईएमडीआर म्हणजे बोटामागे डोळे फिरवत केलेले एक्स्पोजरच ना?" वेळ संपत आल्यामुळे मी तिला अर्धवट उत्तर दिले. प्रश्न मात्र अचूक होता आणि पुढच्या वाचनाचा पायाच त्यात होता, म्हणून हे टिपण लिहीत आहे. पीटीएसडी म्हणजे आघातानंतरचा ताणविकार. त्यावरचे दोन उपचार म्हणजे डोळ्यांच्या हालचाली करवत आघाताच्या आठवणीवर काम करणारे ईएमडीआर आणि त्या आठवणीला व टाळलेल्या प्रसंगांना पुन्हा पुन्हा सामोरे नेणारे प्रोलाँग्ड एक्स्पोजर. दोन्हींत रुग्णाला आघाताच्या आठवणीकडे न्यावे लागते. दोन्हींचे सत्र साधारण ९० मिनिटांचे असते आणि दोन्हींत त्रासाचा आकडा विचारला जातो. दोन्ही एकसारखे वाटण्याचे कारण हेच आहे.

फरक स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित रुग्ण घेऊ. वय ३४, राहणार नौपाडा, नोकरी मीरा रोडला. आठ महिन्यांपूर्वी घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या उतारावर त्याच्या दुचाकीला कंटेनरची धडक बसली आणि मागे बसलेला मित्र गंभीर जखमी झाला. तेव्हापासून हा रोज ठाण्याहून दादर आणि दादरहून मीरा रोड असा लोकलचा वळसा घेतो, पण घोडबंदर रस्त्याला लागत नाही. रात्री एअर ब्रेकचा फुस्स असा आवाज ऐकू येऊन तो दचकून उठतो, आणि "माझ्यामुळेच झाले" हे वाक्य त्याच्या मनातून जात नाही.

ईएमडीआरचे आठ टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात इतिहास घेऊन कोणत्या आठवणीवर काम करायचे ते ठरते. दुसऱ्यात तयारी होते, म्हणजे उपचार समजावणे, थांबण्याची खूण ठरवणे आणि मन शांत करण्याचा एक मार्ग हाताशी देणे. हा रुग्ण ताण वाढल्यावर सुन्न होतो का, त्याला खोलीतले भान राहते का, हे पहिल्या दोन टप्प्यांतच तपासायचे असते. इथे केलेली घाई चौथ्या टप्प्यात अंगाशी येते.

तिसऱ्या टप्प्यात आठवण नेमकी पकडली जाते. सर्वांत त्रासदायक चित्र कोणते, असे विचारल्यावर आपला रुग्ण "रस्त्यावर पडलेले मित्राचे हेल्मेट" असे सांगतो. त्या चित्राशी जोडलेली नकारात्मक समजूत "मी दोषी आहे" ही, आणि त्या जागी हवी असलेली समजूत "मी शक्य होते ते केले" ही. ही दुसरी समजूत आत्ता कितपत खरी वाटते हे १ ते ७ या मापावर विचारले की तो २ म्हणतो. त्रास ० ते १० या मापावर ८ आहे आणि तो छातीत जाणवतो. चौथ्या टप्प्यात तो हे चित्र, ती समजूत आणि छातीतला दाब मनात धरून थेरपिस्टच्या बोटांमागे डोळे फिरवतो. सुमारे २४ फेऱ्यांचा एक सेट झाला की थेरपिस्ट थांबून एवढेच विचारतो, "आता काय येते आहे?" रुग्ण दोन वाक्ये बोलतो, थेरपिस्ट त्यावर भाष्य करत नाही, आणि पुढचा सेट सुरू होतो. हेल्मेटवरून तो रुग्णवाहिकेच्या आवाजाकडे जातो, तिथून शाळेत असताना वडिलांनी धाकट्या भावाच्या पडण्याबद्दल लावलेल्या बोलाकडे. एक्स्पोजरच्या थेरपिस्टला हे भरकटणे वाटेल, पण ईएमडीआरमध्ये या भटकण्याला मुभा असते. थेरपिस्ट त्याला अधूनमधून मूळ चित्राकडे परत आणून त्रासाचा आकडा पुन्हा विचारतो.

आकडा शून्यावर किंवा त्याच्या जवळ आला की पाचव्या टप्प्यात हवी असलेली समजूत त्या चित्राशी जोडून रुजवली जाते आणि सहाव्यात डोक्यापासून पायापर्यंत शरीरात काही ताण उरला आहे का ते पाहिले जाते. सातवा टप्पा सत्र बंद करण्याचा. आकडा ५ वर अडकला असला, तरी रुग्णाला तसाच उघडा ठेवून स्टेशनकडे पाठवायचे नसते. आठवा टप्पा पुढच्या सत्राच्या सुरुवातीला येतो आणि त्यात मागचे काम टिकले का ते तपासतात.

आता हाच रुग्ण एड्ना फोआ यांच्या प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये पाहू. इथे तो डोळे मिटून, प्रथमपुरुषी वर्तमानकाळात, "मी उतारावर आहे, उजवीकडून कंटेनर येतो आहे" असे सगळे तपशिलाने सांगतो आणि शेवटाला पोचल्यावर पुन्हा सुरुवातीपासून सांगतो. हे अर्धा ते पाऊण तास चालते. वडिलांची आठवण आली तरी त्याला हळूच उतारावर परत आणले जाते. या कथनाची ध्वनिमुद्रित प्रत त्याने रोज घरी ऐकायची असते. शिवाय टाळलेल्या प्रसंगांची चढती यादी बनते: माजिवड्याच्या पुलाखाली उभे राहणे, कापूरबावडीपर्यंत रिक्षाने जाणे, कासारवडवलीपर्यंत बसने, आणि शेवटी गायमुख. हा गृहपाठ उपचाराचा गाभाच आहे. ईएमडीआरमध्ये तपशीलवार कथन लागत नाही, एकाच प्रसंगाला लांबलचक सामोरे जाणे नसते, समजुतीशी थेट वाद घातला जात नाही आणि गृहपाठ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शनातही फरक याच चार मुद्द्यांवर मांडला आहे, आणि त्यांतला एकही मुद्दा डोळ्यांचा नाही. (प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये त्रासाचे माप ० ते १०० असते. दोन पद्धतींच्या नोंदी शेजारी ठेवून वाचताना "८" हा आकडा कोणत्या मापातला, हे आधी पाहावे.)

म्हणजे "ईएमडीआर हे एक्स्पोजरच का" या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. हे पूर्ण पॅकेज उपयोगी पडते का, हा पहिला. त्यातल्या डोळ्यांच्या हालचालीची काही स्वतंत्र भर पडते का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या तुलनागटांतून मिळतात, आणि माझ्या मते या विषयावरचा बराचसा वाद एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरल्यामुळे झालेला आहे.

ईएमडीआरच्या जनक फ्रान्सिन शापिरो यांचा १९८९ चा पहिला अभ्यास २२ जणांवरचा आणि एकाच सत्राचा होता. त्यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. पण पहिल्या प्रश्नावर पुढे भरपूर चाचण्या झाल्या. क्यूपर्स आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या एकत्रित विश्लेषणात नियंत्रण गटाच्या तुलनेत पीटीएसडीवर परिणामाचे माप सुमारे ०.९ निघाले, जे मोठे आहे. मात्र नियंत्रण गट म्हणजे अनेकदा प्रतीक्षायादी असते. प्रतीक्षायादीतल्या माणसाकडे कोणी लक्ष देत नाही आणि त्याला बरे होण्याची आशाही मिळत नाही, त्यामुळे तिच्यासमोर जवळपास कोणताही सुसूत्र उपचार मोठा दिसतो. त्या विश्लेषणातल्या २७ चाचण्यांपैकी पक्षपाताचा धोका कमी असलेल्या फक्त ४ होत्या. इतर उपचारांपेक्षा ईएमडीआर सरस दिसत होते, पण धोका कमी असलेल्या चाचण्यांपुरते पाहिल्यावर तो वरचष्मा राहिला नाही. पहिल्या प्रश्नाचे माझे वाचन असे आहे: उपचार उपयोगी आहे, पण प्रोलाँग्ड एक्स्पोजरपेक्षा वरचढ असल्याचे दिसलेले नाही. मनोविकृतीसह पीटीएसडी असलेल्या १५५ रुग्णांवरची नेदरलँड्समधली २०१५ ची चाचणीही याच दिशेने जाते. त्यात दोन्ही उपचार प्रतीक्षायादीपेक्षा स्पष्टपणे चांगले ठरले.

दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळ्या रचनेचा अभ्यास लागतो, ज्यात सगळे तसेच ठेवून फक्त एक भाग काढून घेतला जातो. डेव्हिडसन आणि पार्कर यांनी २००१ मध्ये असे अभ्यास एकत्र केले तेव्हा डोळ्यांच्या हालचालीची भर दिसली नाही. ली आणि क्यूपर्स यांनी २०१३ मध्ये अधिक अभ्यास घेतले तेव्हा भर दिसली: उपचाराच्या अभ्यासांत ०.४१ आणि प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत ०.७४. या दोन आकड्यांतली तफावत महत्त्वाची आहे. प्रयोगशाळेत सहसा निरोगी स्वयंसेवक एखादी नकोशी आठवण काही मिनिटे मनात धरतात आणि लगेच तिचा ठळकपणा किती उरला ते सांगतात. हेल्मेटचे चित्र फिके होणे आणि आठ महिन्यांनी घोडबंदरवर दुचाकी चालवता येणे यांत फार अंतर आहे, आणि ०.७४ हा आकडा पहिल्या गोष्टीचा आहे.

म्हणून बैठकीत सविस्तर वाचण्यासाठी मी झाक आणि सहकाऱ्यांची २०१६ ची चाचणी सुचवते. तीत १३९ रुग्णांना तीन गटांत वाटले. एका गटाने हलत्या हाताकडे पाहिले, दुसऱ्याने थेरपिस्टच्या स्थिर हाताकडे, तिसऱ्याला नजर खिळवायला काहीच दिले नाही. लक्षणांची मुलाखत घेणाऱ्यांना कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नव्हते. तिन्ही गट चांगले सुधारले. हलता हात स्थिर हातापेक्षा सरस ठरला नाही, पण दोन्ही हात काहीच न देण्यापेक्षा सरस ठरले. तुलनेला फक्त तिसरा गट असता तर निष्कर्ष "डोळ्यांच्या हालचालीने फरक पडतो" असा निघाला असता, आणि फक्त दुसरा असता तर "काहीच फरक पडत नाही" असा. खरे उत्तर मधले आहे: आठवण मनात असताना लक्षाचा काही भाग बाहेर गुंतलेला असणे उपयोगी दिसते. हे काही अंशी कार्यस्मृतीच्या सिद्धांताशी जुळते. त्यानुसार आठवण धरून ठेवणे आणि दुसरे काम करणे यांना मेंदूची एकच मर्यादित जागा वाटून घ्यावी लागते, म्हणून आठवण फिकी होऊन परत साठवली जाते. पण तो सिद्धांत काटेकोर धरला तर हलता हात जास्त जागा खातो, म्हणून तोच अधिक परिणामकारक ठरायला हवा होता, आणि तसे घडले नाही. शिवाय कोण काय करतो आहे हे थेरपिस्टला दिसतच असते. त्याचा कल कितपत झिरपला, हे अशा रचनेत वेगळे काढता येत नाही.

आता आपल्या रुग्णाकडे परत येऊ. चौथ्या सत्रात त्रासाचा आकडा ० झाला असे समजू. तो आकडा ज्याने उपचार केला त्यानेच, उपचार संपताक्षणी विचारलेला आहे, आणि सुन्न झालेला माणूसही शून्य म्हणतो. दोन शून्यांतला फरक असा कळतो: सुन्न माणसाचा आवाज सपाट असतो, "काय येते आहे" या प्रश्नाला सलग सेटमध्ये "काही नाही" असे उत्तर येते आणि शरीराच्या आढाव्यात त्याला पाय जाणवत नाहीत. खऱ्या शून्यावर पोचलेला माणूस हेल्मेटबद्दल बोलतो, कधी रडतोही, पण त्याच्या वाक्यांत आता मित्र जिवंत असल्याचा उल्लेख असतो. शंका असेल तिथे सेट थांबवून त्याला खोलीतल्या वस्तू मोठ्याने सांगायला लावावे आणि पाचव्या टप्प्याकडे जाऊ नये. आठव्या टप्प्यात मी त्याला आधी आकडा विचारणार नाही. आज कामाला कसा गेलास, दादरमार्गे की घोडबंदरने, हे विचारीन.