एकटं असणं बरं नाही, मग मी चुकतेय का?

"पास्टर, देवानंच म्हटलंय, मनुष्य एकटा असावा हे बरं नाही. मग लग्न न करणं म्हणजे त्याची आज्ञा मोडणं ना? घरी रोज हेच ऐकवतात." (चौतीस वर्षांची एक ताई, सदर भागातल्या उपासनेनंतर)

नाही. उत्पत्ती 2:18 मध्ये आदामाजवळ दुसरं माणूसच नव्हतं. तिथे एकाकीपणा वाईट म्हटलाय, अविवाहितपण नाही. लग्न हे त्यावरचं पहिलं उत्तर ठरलं, पण एकमेव नाही. यिर्मयाला तर देवानंच सांगितलं, बायको करू नकोस (यिर्मया 16:2).

पौलाकडे बघा. 1 करिंथकर 7 मध्ये तो लग्न आणि अविवाहितपण, दोन्हींना देणगी म्हणतो. तिथे तो सध्याच्या अडचणीचाही उल्लेख करतो, म्हणून त्या अध्यायावरून कुणाला लग्नापासून अडवताही येत नाही. पण हा माणूस एकटा राहत नव्हता. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी राहिला आणि त्यांच्यासोबत तंबू शिवले. रोमकर 16 मध्ये तो नावं घेऊन सलाम पाठवतो, आणि रूफसच्या आईला तर 'माझीही आई' म्हणतो. कधीतरी तिनं त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं असणार.

त्यामुळे घरच्यांची काळजी खरी असली, तरी प्रश्न चुकीचा आहे. 'लग्न कधी?' ऐवजी विचारा, ताप आला तर रात्री फोन कुणाला करशील? नाव सुचलं नाही, तर ती उणीव आमच्या मंडळीची. या रविवारी जेवायला आमच्याकडे ये, ताई.