टक्का मोठा म्हणून मिल चांगली?

“गटातले सारे म्हणतात, ज्याचा आयआरआर, म्हणजे घातलेल्या पैशावर वर्षाला सुटणारा परताव्याचा टक्का, जास्त, तोच प्रकल्प घ्यावा. मग छोटीच डाळ मिल घेऊ ना?”

नाही. निदान बारा टक्क्यांच्या कर्जावर तरी नाही.

यवतमाळकडच्या तुरीच्या पट्ट्यातलं एक शेड धरा. जागा एकाच मिलची. छोटी मिल 2 लाखांची, खर्च वजा जाता वर्षाला 80 हजार देते. मोठी 10 लाखांची, वर्षाला 3.30 लाख. दोन्ही पाच वर्षं चालतील, नंतर भंगाराची किंमत शून्य धरू. छोटीचा आयआरआर साधारण 28.6 टक्के, मोठीचा 19.4. इथवर गटाचं बरोबर आहे.

पण बारा टक्क्यांनी आजच्या किमतीत मोजलं, तर छोटीचं एनपीव्ही, म्हणजे पाच वर्षांच्या मिळकतीच्या आजच्या किमतीतून मिलची किंमत वजा जाता उरणारे रुपये, 88 हजार निघतं आणि मोठीचं जवळपास 1.90 लाख. टक्का किती रुपयांवर मिळतो, हे आयआरआर सांगतच नाही. बाजारात टक्का कोणी घेत नाही, रुपये घेतात!

म्हणून दोघींमधला फरक तपासा. मोठीसाठी 8 लाख जास्त घालून वर्षाला 2.50 लाख जास्त येतात. या वाढीव पैशाचा आयआरआर 17 टक्के. पैसा त्याहून स्वस्त मिळत असेल तर मोठी मिल घ्या. सावकाराकडून 18 टक्क्यांनी उचलणार असाल, तर छोटीचं एनपीव्ही 50 हजार, मोठीचं 32 हजार. तेव्हा छोटीच बरी. आणि मोठीला पुरेल एवढी तूर हंगामात येते का, ते आधी पाहा. नाही आली तर ते 3.30 लाख कागदावरच.