पिंपळे सौदागरच्या १०३ कुटुंबांचा तक्ता

आज पिंपळे सौदागर म्हटलं की टोलेजंग सोसायट्या डोळ्यांपुढे येतात. शंभरेक वर्षांपूर्वी ते पुण्याजवळचं साधं खेडं होतं. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी तिथल्या घराघराची जमीन, उत्पन्न आणि खर्च तपासला. त्या पाहणीचा अहवाल १९१७ साली छापून आला. सर्वेक्षणाचे निष्कर्ष कसे मांडावेत हे शिकायचं असेल, तर त्यातला कुटुंबांच्या आर्थिक स्थितीचा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. तक्त्यात मांडला तर तो असा दिसतो:

| गट | कुटुंबे | टक्के |
|---|---|---|
| केवळ शेतीवर भागते | ८ | ७.८ |
| शेती आणि बाहेरची कमाई मिळून भागते | २८ | २७.२ |
| दोन्ही धरूनही भागत नाही | ६७ | ६५.० |
| एकूण | १०३ | १००.० |

‘भागते’ म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं. मॅन यांनी त्यासाठी शहरी माप लावलं नाही. गावकऱ्यांच्या स्वतःच्या राहणीला जो खर्च लागतो, तोच आधार धरला. ही व्याख्या तक्त्याशेजारी नसेल तर ६५ या आकड्याला अर्थच उरत नाही. माप बदललं की कुटुंबं एका ओळीतून दुसरीत सरकतात.

आता या तक्त्याचं वाचन. ‘१०३ पैकी ६७ कुटुंबांचे उत्पन्न, बाहेरची कमाई धरूनही, ठरवलेल्या खर्चाला पुरत नव्हते’ हे वाक्य तटस्थ आहे. ‘६५ टक्के शेतकरी कर्जबाजारी होते’ हे चुकीचं: मोजली कुटुंबं, शेतकरी नव्हेत, आणि कर्ज या तक्त्यात नाहीच. ‘बाहेरच्या कामामुळे २८ घरं सावरली’ हेही जपून लिहावं. ती कमाई नसती तर त्यांनी काय केलं असतं, हे तक्ता सांगत नाही. शिवाय इथे एक कुटुंब म्हणजे जवळपास एक टक्का. म्हणून टक्क्यांसोबत मूळ संख्या हवीच. नुसतं ७.८ वाचलं की नेमकेपणाचा भास होतो, ८ घरं म्हटलं की खरं चित्र दिसतं.

आणखी एक मर्यादा गावाच्या जागेतच होती. पुणं आणि खडकी जवळ, म्हणजे बाहेरचं काम हाताशी. ही २८ घरं सगळ्या दख्खनची म्हणून दाखवता येणार नव्हती. मॅन यांनी एन. व्ही. कानिटकरांसोबत पुढचा अभ्यास जातेगाव बुद्रुक या शहरापासून लांबच्या, कोरडवाहू गावात केला. तो १९२१ साली आला.

पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली खुद्द पुणे शहराची पाहणी झाली, आणि १९५० च्या दशकात फेरपाहणीही. दोन काळांचे तक्ते शेजारी ठेवायचे, तर दोन्हीकडे ‘कुटुंब’ आणि ‘कमावता’ यांची व्याख्या एकच आहे ना, हे आधी पाहावं लागतं. मगच फरकाबद्दल एखादं वाक्य लिहिता येतं.