कन्फर्म तिकीट असूनही विमानात जागा नाही: भरपाईच्या नियमाची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूहून पुण्याला येणाऱ्या एका उड्डाणात सात प्रवाशांना चढू दिले गेले नाही. सातही जणांकडे कन्फर्म तिकीट होते आणि सातही जण वेळेत आले होते. ठरलेल्या विमानात बिघाड झाल्याने कंपनीने दुसरे विमान लावले, पण त्यातली नऊ आसने वापरण्याजोगी नव्हती. या सात जणांना दुसऱ्या कंपनीच्या त्याच रात्रीच्या विमानाने पाठवले गेले, मात्र ते विमान मूळ वेळेनंतर एका तासाहून जास्त उशिरा सुटणारे होते. त्यांना भरपाई मिळाली नाही. कंपनीचे म्हणणे होते की हे तांत्रिक कारण आपल्या हाताबाहेरचे होते. देशाच्या विमान वाहतूक नियामकाने ते मान्य केले नाही. नियामकाने हात घातल्यावर भरपाई दिली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीला १० लाख रुपयांचा दंड झाला.

प्रकरण सात जणांचे असले तरी गेल्या पंधरा वर्षांत आपल्याकडे साचत आलेला गुंता त्यात एकवटला आहे. ‘बोर्डिंग नाकारणे’ नेमके कशाला म्हणायचे? कंपनीने मुद्दाम जास्त तिकिटे विकली असतील तरच, की कोणत्याही कारणाने आसने कमी पडली तरी?

जास्त तिकिटे विकण्याची पद्धत जुनी आहे. काही प्रवासी येतच नाहीत आणि रिकामी राहिलेली खुर्ची उड्डाणानंतर विकता येत नाही, म्हणून कंपन्या अंदाज बांधून चार तिकिटे जास्त विकतात. अमेरिकेत १९७२ मध्ये ग्राहक चळवळीतल्या एका नामवंत कार्यकर्त्याला असेच विमानतळावर मागे ठेवले गेले. त्यांनी केलेला दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १९७८ मध्ये ‘आधी स्वेच्छेने जागा सोडणारे विचारा’ हा नियम आला. युरोपने १९९१ मध्ये पहिला आणि २००४ मध्ये आजचा कायदा केला. आपला नियम या दोन्ही घरांतून आला आहे: स्वयंसेवक विचारण्याची अट अमेरिकेची, कलमांची मांडणी बरीचशी युरोपची.

भारतात हा नियम ऑगस्ट २०१० मध्ये लागू झाला. त्यात उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे २,०००, ३,००० किंवा ४,००० रुपये अशी भरपाई होती, आणि त्यातही तिकिटाची किंमत कमी असेल तर तेवढीच रक्कम. म्हणजे स्वस्तात तिकीट घेतलेल्या प्रवाशाला खाली ठेवून ती जागा ऐनवेळी महाग विकली तरी कंपनी फायद्यातच राहायची. सहा वर्षे हे असेच चालले. नियम कागदावर होता, पण कंपनीने वागणे बदलावे एवढी त्याची किंमत नव्हती.

१ ऑगस्ट २०१६ पासून हिशेब पालटला आणि आजही तोच आधार आहे. जागा कमी पडल्यास कंपनीने आधी स्वेच्छेने थांबणारे प्रवासी विचारायचे. तसे कोणी मिळाले नाही आणि तुमच्या इच्छेविरुद्ध तुम्हाला मागे ठेवले, तर पुढचे सगळे घड्याळावर ठरते. मूळ सुटण्याच्या वेळेनंतर एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले तर भरपाई नाही. २४ तासांच्या आतले दिले तर एकेरी मूळ भाडे आणि इंधन शुल्क यांच्या बेरजेच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये. २४ तासांनंतरचे दिले तर चौपट, जास्तीत जास्त २०,०००. आणि तुम्ही पर्यायी विमान नाकारले तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, शिवाय ही चौपट रक्कम, त्याच २०,००० च्या मर्यादेत. ही तिसरी वाट काउंटरवर क्वचितच कोणी सांगते. त्याच संध्याकाळच्या लग्नासाठी किंवा मुलाखतीसाठी निघालेल्याला रात्री उशिराचे विमान काय उपयोगाचे? अशा वेळी नकार देणे हाच जास्त भरपाईचा मार्ग असतो.

इथे ‘मूळ भाडे’ या शब्दाने बऱ्याच जणांची फसगत होते. समजा तिकिटाचे एकूण ५,२०० रुपये भरले. त्यात मूळ भाडे ३,४००, इंधन शुल्क ५०० आणि उरलेले १,३०० विमानतळ शुल्क, कर आणि बुकिंगचे शुल्क. भरपाईसाठी ३,९०० एवढेच धरायचे. दुप्पट म्हणजे ७,८०० आणि चौपट म्हणजे १५,६००. दोन्ही मर्यादेच्या आत आहेत, म्हणून पूर्ण मिळायला हवेत. आता तेच तिकीट दिवाळीत घेतले आणि मूळ भाडे ८,००० झाले. इंधन शुल्क धरून ८,५००, दुप्पट १७,०००, पण हाती येणार १०,०००. ज्या दिवसांत दुसरे तिकीट सर्वांत महाग असते, त्याच दिवसांत भरपाई मर्यादेला अडते. माझ्या मते या नियमातला हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि २०१६ चे आकडे बेंगळुरूच्या प्रकरणाच्या वेळीही तेच होते. जाता-येताचे तिकीट एकत्र काढले असेल तर फक्त नाकारलेल्या बाजूचे भाडे धरतात, हेही लक्षात असू द्या.

ही मर्यादा म्हणजे प्रवाशाच्या हक्काचीच मर्यादा का, हा प्रश्न दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०१५ मध्ये मागे ठेवलेल्या एका वकिलाने तो नेला होता. २०१८ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की नियामकाने ठरवलेली रक्कम घेतली म्हणून जास्त नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग बंद होत नाही. तरीही या निकालाची आठवण काउंटरवर कोणालाच नसते आणि १०,००० हा आकडा शेवटचा शब्द असल्यासारखा सांगितला जातो.

कोरोनानंतर विमाने पुन्हा भरू लागली तशा तक्रारी वाढल्या. २०२२ च्या मे महिन्यात नियामकाने कंपन्यांना तंबी दिली, मग बेंगळुरू, हैदराबाद आणि दिल्लीच्या विमानतळांवर पाहणी केली. जूनमध्ये एका मोठ्या कंपनीला १० लाखांचा दंड झाला, कारण मागे ठेवलेल्यांना भरपाई देण्याची तिच्याकडे धड पद्धतच नव्हती. फेब्रुवारी २०२३ पासून वरच्या वर्गाचे तिकीट असताना खालच्या वर्गात बसवल्यास देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत देण्याचा नियम आला. तो वेगळा विषय आहे. तिथे प्रवासी विमानात बसतो, म्हणून ते बोर्डिंग नाकारणे नव्हे.

आता पुन्हा बेंगळुरूच्या विमानाकडे. कंपनीचा बचाव अगदीच निराधार वाटत नाही. विमान बिघडले, सुरक्षिततेसाठी ते बाजूला ठेवले, यात तिचा दोष काय? पण नियमाची भाषा नीट वाचली की फरक दिसतो. ‘कंपनीच्या हाताबाहेरची असाधारण परिस्थिती’ ही सूट उड्डाण रद्द होणे आणि उशीर होणे या दोन गोष्टींसाठी लिहिली आहे. बोर्डिंग नाकारण्याचा उल्लेख त्यात नाही. बोर्डिंग नाकारण्याच्या व्याख्येतले अपवाद प्रवाशाशी बांधलेले आहेत: त्याची तब्येत, सुरक्षिततेचा प्रश्न, अपुरी कागदपत्रे. आसने का कमी पडली हे व्याख्या विचारतच नाही. कन्फर्म तिकिटाचे प्रवासी वेळेत आले आणि आसने त्यांच्यापेक्षा कमी, एवढे पुरते. आणि हे योग्यच आहे, असे मला ठामपणे वाटते. विमान उडाले, बाकीचे पोहोचले, मग कोणाला खाली ठेवायचे हा निर्णय कंपनीनेच घेतला. पावसामुळे विमान रद्द होते तेव्हा सगळेच अडकतात. इथे काहींना निवडून अडवले जाते.

म्हणूनच काउंटरवर शब्द जपावे लागतात. ‘तुम्ही स्वेच्छेने पुढच्या विमानाने जाताय’ अशा कागदावर सही केली की तुम्ही स्वयंसेवक ठरता आणि मग कंपनी देईल ते व्हाउचर एवढाच तुमचा वाटा. सही करायची असेल तर आधी दुप्पट-चौपटीचा हिशेब करून, त्याहून जास्त मिळत असेल तरच करावी. नसेल तर ‘माझ्या इच्छेविरुद्ध बोर्डिंग नाकारले’ असे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. ते देत नसतील तर तिथूनच त्यांच्या ग्राहक सेवेला ईमेल करून फ्लाइट क्रमांक, पीएनआर, वेळ आणि काउंटरवर सांगितलेले कारण लिहावे.

दुसरा धोका वेळेचा. भरपाई फक्त वेळेत हजर झालेल्यांना मिळते, आणि देशांतर्गत उड्डाणांचे काउंटर बहुतेक ठिकाणी ६० मिनिटे आधी बंद होते. तुमची नोंद ‘नो-शो’ किंवा ‘उशिरा आले’ अशी झाली तर पुढे सगळेच अवघड होते. वेब चेक-इन केल्याचा ईमेल, बोर्डिंग पास, रांगेत उभे असतानाचा वेळेसकट फोटो, सामानाची पावती हे जपून ठेवावे. पर्यायी विमानाचे तिकीटही फेकू नये, कारण एक तास की २४ तास हे त्यावरच्या सुटण्याच्या वेळेवरून ठरते. पोहोचण्याची वेळ तिथे मोजत नाहीत.

पैसे आले नाहीत तर कंपनीच्या तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे लिहायचे. दोघांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असावे लागतात. सोबत ‘एअरसेवा’ या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी, कारण तिथला क्रमांक पुढे पुरावा म्हणून कामी येतो. तिथेही भागले नाही, किंवा नुकसान नियमातल्या रकमेपेक्षा मोठे असेल (हुकलेले जोडविमान, वाया गेलेले हॉटेल), तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि भरलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आणखी एक सोय केली: तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. बेंगळुरूत अडवलेल्या पुणेकराला त्यासाठी पुन्हा बेंगळुरू गाठावे लागत नाही.