मखमलीवरील पाण्याची कड

मखमलीवर चहा, सरबत किंवा नुसते पाणी सांडून वाळले की डागाच्या सीमेवर जी गडद किंवा पांढुरकी रेघ उरते, तिला पाण्याची कड म्हणतात. तिच्याच जोडीने येणारा दुसरा दोष म्हणजे लव बसणे. मखमलीच्या पायाभूत विणीतून उभे राहिलेले आखूड तंतू आडवे पडतात आणि तिथे कापड चपटे, चकचकीत दिसते. सोफ्याच्या गाद्यांवर आणि पडद्यांवर हे दोन्ही दोष आढळतात. घाईघाईने ओल्या फडक्याने पुसल्यामुळेच ते बहुतेक वेळा येतात, सांडलेल्या पदार्थाचा त्यात वाटा कमी असतो.

कड का उमटते हे कळले की पुढची सगळी कृती आपोआप कळते. ओल्या ठिपक्याच्या काठावरचे पाणी आधी उडते. उडालेल्या पाण्याची जागा भरायला मधले पाणी तंतूंमधून काठाकडे ओढले जाते आणि वाटेत विरघळलेले, तरंगणारे सारे काही सोबत नेते. काठाशी पोचल्यावर पाणी उडून जाते, पण आणलेला माल तिथेच पडतो. सांडलेल्या कॉफीचा ठिपका कडेलाच गडद का वाळतो, याचे उत्तर शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 1997 मध्ये याच प्रवाहाच्या आधारे दिले. मखमलीवर हा माल तीन ठिकाणांहून येतो : पाण्यातले क्षार, कापडात आधीच बसलेली धूळ आणि धुऊन न निघालेला साबण.

मराठवाड्यात यातील पहिली दोन कारणे बळकट आहेत. बसाल्टच्या खडकातून बोअरने येणारे पाणी बऱ्याच गावांत जड असते. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो, या खुणा घरोघरी ओळखीच्या आहेत. अशा पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम क्षार धरले, तर अर्धी वाटी म्हणजे सुमारे 100 मिलिलिटर पाण्यातून एक दशांश ग्रॅम क्षार मखमलीत उतरतात. ते सगळीकडे पसरले तर दिसणारही नाहीत. पण ते एका बारीक रेघेत गोळा होतात. त्यात काळ्या मातीची उन्हाळी धूळ लवेच्या मुळाशी आधीच बसलेली असते. म्हणून इथे स्वच्छ पाणी सांडले तरी कड उमटू शकते, आणि ती पुसायला पुन्हा बोअरचेच पाणी घेतले तर पहिलीच्या बाहेर दुसरी कड येते.

यावरचा सर्वांत सोपा उपाय इन्व्हर्टर असलेल्या बहुतेक घरांत ठेवलेला असतो. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी क्षारमुक्त असते आणि मखमलीसाठी तेच वापरावे. बाटली सीलबंद असावी आणि तिच्यावरचे नाव नीट वाचावे, कारण बॅटरीचे ॲसिडही तशाच पांढऱ्या कॅनमध्ये मिळते. एकदा वापरलेल्या, पुन्हा भरलेल्या कॅनमधले पाणी कापडावर अजिबात घेऊ नये. डिस्टिल्ड पाणी नसेल तर आरओचे पाणी चालते.

पाणी लावण्यापूर्वी मखमल कोणती आहे ते पाहावे. आज सोफ्यांवर बहुतांशी पॉलिस्टरची मखमल असते. ती पाणी सहन करते, पण उष्णतेला हळवी असते. सुमारे 70 ते 80 अंशांना तिचे तंतू मऊ पडतात आणि त्या वेळी दाब बसला तर थंड झाल्यावर तसेच राहतात, म्हणून तिच्यावर इस्त्री टेकवणे म्हणजे लव कायमची गमावणे. व्हिस्कोसची मखमल उलट वागते. तिला उष्णतेचे भय कमी, पण पाण्याने तंतू फुगतात, दुबळे होतात आणि दबलेल्या अवस्थेतच वाळतात. रेशमी मखमलीला घरी पाणी लावू नये. ओळख पटवायला शिवणीच्या आतला एक धागा ओढून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहावा. पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो, व्हिस्कोस आणि सूत कागदासारखे जळून मऊ राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो. घरातल्या हिमरू किंवा मश्रूच्या वस्तूंना मात्र यातील काही लागू करू नये. ती औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, ख्यात वस्त्रे आहेत. पण त्यांना लव नसते आणि त्यांचे प्रश्न वेगळे.

एक प्रसंग तपशिलाने पाहू. परभणीत मे महिन्यातली दुपार आहे. 22 इंची चौरस गादी, गर्द तांबड्या पॉलिस्टर मखमलीची खोळ, आत फोम. पाहुण्यांच्या हातून अर्धा कप दुधाचा चहा सांडला. पहिल्या मिनिटात फक्त टिपायचे. जुना पांढरा सुती पंचा चौघडी करून ठिपक्याच्या काठाकडून मध्याकडे दाबत न्यावा आणि प्रत्येक दाबाला पंच्याची कोरडी बाजू डागावर टेकवावी. चोळू नये, चोळल्याने चहा मुळाशी जातो आणि लव वेगवेगळ्या दिशांना मुरगळते. पांढराच कपडा घेण्याचे कारण म्हणजे मखमलीचा रंग सुटत असेल तर तो पंच्यावर लगेच दिसतो. तसे दिसले तर तिथेच थांबावे.

दुसरे काम बहुतेक जण विसरतात. खोळीची चेन उघडून फोम बाहेर काढावा. फोमने प्यायलेला चहा वरून दिसत नाही, पण खोळ वाळू लागली की तोच चहा खालून वर ओढला जातो. “काल तर डाग निघाला होता, आज परत आला” ही तक्रार येते ती यामुळे. फोम कोरड्या टॉवेलमध्ये दाबून चहा काढावा, थोड्या पाण्याने पुन्हा तसेच करावे आणि तो सावलीत उभा ठेवावा. खोळीच्या आत कोरडा टॉवेल पसरावा.

आता पाव लिटर कोमट डिस्टिल्ड पाण्यात लोकरीच्या कपड्यांचा द्रव साबण अर्धा चमचा घालून भरपूर फेस काढावा. स्पंजने पाणी न घेता वरचा फेसच घ्यावा आणि लवेच्या दिशेने हलक्या हाताने लावावा. ही दिशा हात फिरवून कळते : एका बाजूने कापड गुळगुळीत आणि फिके लागते, उलट बाजूने खरखरीत आणि गडद. गरम पाणी घेऊ नये, कारण दुधाचा डाग त्याने पक्का होतो. दोन मिनिटांनी फेस टिपून घ्यावा. मग साध्या डिस्टिल्ड पाण्यात पिळलेल्या कपड्याने तीन वेळा टिपावे. साखर आणि साबण निघून गेले की नाही, हे लवेलाच विचारावे. वाळल्यावर ती करकरीत लागली, तर काहीतरी उरले आहे आणि हीच पायरी पुन्हा करायची आहे.

कड टाळण्याची खरी युक्ती यानंतरची आहे. फवाऱ्याच्या बाटलीने गादीचा तो संपूर्ण पृष्ठभाग चारही बाजूंच्या पाइपिंगपर्यंत एकसारखा दमट करावा. एवढ्या गादीला 30 ते 40 मिलिलिटर पाणी पुरते. तळहात टेकवला तर गार लागावे, पण हाताला पाणी लागू नये. ओल्या आणि कोरड्या कापडाची सीमा आता शिवणीत जाते, मध्यावर उरतच नाही, आणि सगळा भाग एकाच गतीने वाळतो. ठिपक्यापुरतेच काळजीपूर्वक पुसले तर उलट कड पक्की ठरते. हे मनाला पटायला वेळ लागतो, कारण डाग लहान असताना सगळी गादी ओली करणे कोणालाही जिवावर येते.

दमट असतानाच कपड्यांच्या मऊ ब्रशने लव आधी उलट दिशेने उभी करावी आणि मग सुलट दिशेने बसवावी. अर्धवट वाळल्यावर हे पुन्हा करावे. वाळवण पंख्याखाली, लव वर ठेवून. उन्हात टाकली तर काठ झपाट्याने वाळतात आणि रंगही उडतो. कूलरसमोर ठेवली तर दमट हवेत तासन्‌तास ओल राहते. पंख्याखाली चार-सहा तास पुरतात. फोम पूर्ण वाळल्याखेरीज खोळीत घालू नये. वरून कोरडा लागला तरी मध्यभाग दाबून पाहावा. ज्या सोफ्यांची मखमल स्टेपलने लाकडाला ठोकलेली असते, त्यांचा फोम निघत नाही. तिथे फक्त फेस आणि टिपणे एवढ्यावरच भागवावे, फवारणी अगदी हलकी ठेवावी.

वाळल्यावर गडद पट्टा दिसला म्हणजे डाग उरला असे लगेच ठरवू नये. सगळी लव एका दिशेने ब्रश करावी आणि गादीच्या दोन विरुद्ध बाजूंनी उभे राहून पाहावे. एका बाजूने गडद असलेला पट्टा दुसरीकडून फिका दिसला, तर तो लवेचा कल आहे. दोन्हीकडून तेवढाच गडद राहिला तर तो डाग.

जुनी कड काढायलाही हीच पद्धत लागू पडते. आधी कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने मुळाची धूळ काढावी, नाहीतर ओल लागताच तिचा चिखल होतो. कड पांढरी असेल तर ती क्षारांची आहे. एक कप डिस्टिल्ड पाण्यात एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर घालून, आधी शिवणीच्या आत रंग तपासून, रेघेवर टिपावे. मग नुसत्या पाण्याने टिपून पूर्ण पृष्ठभाग दमट करावा. तर्री सांडली असेल तर आधी पाणी नको. मक्याचे पीठ घालून तेल शोषू द्यावे, तासाभराने ओढून घ्यावे आणि मग फेसाकडे वळावे. हळदीचा डाग साबणाने लाल पडतो हे सर्वांना ठाऊक आहे. ती लाली अल्कलीमुळे येते, म्हणून धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर तिथे वर्ज्य.

पडद्यांचा इथला नेहमीचा शत्रू कूलर आहे. खिडकीतल्या कूलरचे तुषार महिनाभर पडद्याच्या एकाच भागावर पडतात आणि जूनमध्ये कूलर बंद झाला की तिथे पांढरा पट्टा उरतो. पडदा उतरवून सपाट पसरावा, व्हिनेगरच्या पाण्याने टिपावे आणि ओल एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत न्यावी. पडदा लटकत ठेवून पाणी मारले तर ओघळ खाली उतरतात आणि प्रत्येक ओघळाची स्वतंत्र कड होते. सुती अस्तर असेल तर ते पाण्याने आटते आणि मखमलीला सुरकुत्या पडतात. अशा पडद्याला जपून दमटच करावे. बसलेली लव उठवायला पडदा लटकवलेल्या स्थितीत मागच्या बाजूने वीतभर अंतरावरून वाफ द्यावी आणि पुढून ब्रश फिरवावा. पॉलिस्टरवर वाफ लागलेला भाग थंड होईपर्यंत बोट लावू नये, कारण गरम असताना उमटलेला बोटाचा ठसा पुढच्या वाफेनेही पूर्ण निघेलच असे नाही.