ईआरपीतील आरपीए : बिलनोंदणीचा बॉट आणि बदलती स्क्रीन

अकाउंट्स विभागातला माणूस ईआरपीच्या, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, स्क्रीनवर कीबोर्ड-माउसने जे करतो, तेच त्याच क्रमाने करणाऱ्या प्रोग्रामला ‘बॉट’ म्हणतात आणि या पद्धतीला रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन, म्हणजेच आरपीए. यात ईआरपीच्या आतल्या कोडला हात लावला जात नाही. बॉट लॉगिन करतो, ट्रान्झॅक्शन उघडतो, रकाने भरतो, एंटर दाबतो, सेव्ह करतो. ब्लू प्रिझम, ऑटोमेशन एनीव्हेअर आणि बुखारेस्टमध्ये सुरू झालेली यूआयपाथ ही या क्षेत्रातली ठळक नावे. बरेच बॉट लागतात ते व्हेंडरची बिले बुक करायला, कारण ते काम रोजचे, ठरावीक आणि कंटाळवाणे असते. पुढचे विवेचन सॅप या ईआरपीमधल्या `FB60` या स्क्रीनच्या आधाराने केले आहे. पर्चेस ऑर्डर नसलेली बिले तिथे घेतात.

समजा, ५ जून २०२५ तारखेचे १,१८,००० रुपयांचे बिल आले : मूळ रक्कम १,००,०००, सीजीएसटी ९,०००, एसजीएसटी ९,०००. बॉट आधी पीडीएफमधून जीएसटीआयएन, बिल क्रमांक, तारीख आणि रकमा उचलतो. बिल ई-इनव्हॉइस असेल तर त्यावरच्या क्यूआर कोडमध्ये यातले बरेचसे सहीशिक्क्यासह असते. तिथून घेतले तर शून्याचा ‘ओ’ वाचण्याची भीती राहत नाही. मग जीएसटीआयएनवरून व्हेंडर कोड शोधून तो `FB60` उघडतो. बिल क्रमांक ‘रेफरन्स’ रकान्यात जातो. जीएसटीच्या नियमानुसार बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा असू शकत नाही आणि सॅपचा हा रकानाही नेमका १६ अक्षरांचा आहे, त्यामुळे इथे काटछाट करावी लागत नाही.

सॅपमध्ये बॉट रकाना ओळखतो तो त्याच्या पत्त्यावरून. स्क्रीनवर तो कुठे दिसतो याच्याशी त्याला घेणेदेणे नसते. बिलाची तारीख भरण्याची ओळ अशी असते :

```
session.findById("wnd[0]/usr/tabsTS/tabpMAIN/ssubPAGE:SAPLFDCB:0010/ctxtINVFO-BLDAT").text = "05062025"
session.findById("wnd[0]").sendVKey 0
```

दुसरी ओळ म्हणजे एंटर. पत्ता खिडकी, टॅब, उपस्क्रीन, रकाना असा पायरीपायरीने उतरतो आणि यातली एक पायरी जरी बदलली तरी पत्ता चुकतो. बिलाच्या ओळींचा तक्ता आणखी नाजूक असतो. जीएल खात्याच्या रकान्याचे नाव `ACGL_ITEM-HKONT[1,0]` असे संपते. कंसातला पहिला आकडा कॉलमचा, दुसरा दिसणाऱ्या ओळीचा. कोणी कॉलम सरकवून मांडणी सेव्ह केली की पहिला आकडा बदलतो. छोट्या स्क्रीनवर पाचच ओळी दिसत असतील तर सहाव्या ओळीला पत्ताच नसतो, आधी स्क्रोल करावे लागते. डेव्हलपरच्या मोठ्या मॉनिटरवर नीट चाललेला बॉट सर्व्हरवर सहा ओळींच्या बिलाला अडतो, तो बहुधा यामुळेच.

असे बिघाड आवाज करतात. `The control could not be found by id` असा संदेश येतो, बॉट थांबतो, बिले तुंबतात, कोणीतरी फोन करते. स्क्रिप्टिंगची परवानगी देणारे `sapgui/user_scripting` हे पॅरामीटर सॅपची यंत्रणा सांभाळणाऱ्या बेसिसवाल्यांनी नुसते `RZ11` मधून चालू केले असेल आणि प्रोफाइलमध्ये लिहिले नसेल, तर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर ते पुन्हा बंद होते. मग शनिवार-रविवारच्या देखभालीनंतर सोमवारी सकाळी एकही बिल चढत नाही. त्रास होतो, पण नुकसान थोडे, कारण चुकीचे काहीच नोंदले गेलेले नसते. खरा धोका पत्ता तोच राहून त्या रकान्याचा अर्थ बदलतो तेव्हा असतो.

वरच्या कोडमधली तारीख पाहा. सॅप ती विभाजकांशिवाय घेते, पण दिवस आधी की महिना आधी हे प्रत्येक युजरच्या `SU3` मधल्या सेटिंगवरून ठरवते. बॉटचा युजर नव्याने तयार करताना अमेरिकी सेटिंग असलेल्या युजरची कॉपी केली, तर `05062025` म्हणजे ६ मे. स्क्रीन तीच, पत्ता तोच, कोणताही एरर नाही. पोस्टिंगची तारीख सॅप स्वतःच आजची टाकते, त्यामुळे बंद झालेल्या महिन्याचा अडथळाही येत नाही. जमा-नावेचा ताळमेळही बसतो, कारण रकमा बरोबरच आहेत.

परिणाम मात्र होतात. तीस दिवसांची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जात असेल तर ५ जुलैला देय असलेली रक्कम ५ जूनलाच देय दिसते आणि पुढच्या पेमेंट रनमध्ये महिनाभर आधी निघून जाते. त्याहून वाईट म्हणजे डुप्लिकेट बिलाची तपासणी निकामी होते. व्हेंडर मास्टरमध्ये ती चालू असेल, तर सॅप कंपनी कोड, व्हेंडर, चलन, रेफरन्स आणि बिलाची तारीख जुळते का ते पाहते. हेच बिल कोणी आधी हाताने ५ जून म्हणून घेतले असेल तर आता तारीख जुळत नाही आणि इशारा येत नाही. पैसे दोनदा जाऊ शकतात.

भरलेला रकाना परत वाचून पडताळण्याचा नेहमीचा उपायही इथे फसतो. एंटरनंतर स्क्रीनवर `05/06/2025` दिसते. बॉट आकडे जुळवतो आणि ‘बरोबर’ म्हणतो. डेटाबेसमध्ये मात्र `20250506` गेलेले असते. ही चूक ओळखायची खूण मजेशीर आहे. जूनच्या १३ तारखेपासूनची बिले अडतात, कारण तेरावा महिना नसतो. १ ते १२ तारखांची निमूट जातात आणि सगळ्यांवर दिवस सहाच पडतो : १ जूनचे ६ जानेवारी, २ जूनचे ६ फेब्रुवारी, १२ जूनचे ६ डिसेंबर. नेहमीचे सेटिंग असलेल्या माणसाने `FBL1N` ही व्हेंडरच्या नोंदींची यादी उघडली की सहा तारखांची रांग दिसते. ६ जूनचे बिल तेवढे बरोबर असते. महिन्याच्या उत्तरार्धात अडलेल्या बिलांची तक्रार घेऊन बसलेल्या माणसाने पूर्वार्धातली बिलेही तपासायला हवीत, आणि नेमके तेच राहून जाते.

म्हणून प्रत्येक फेरीच्या आरंभी बॉटने `SU3` मधले तारखेचे आणि दशांश चिन्हाचे सेटिंग वाचून, ते अपेक्षेप्रमाणे नसेल तर तिथेच थांबावे. बॉटचा युजर स्वतंत्र असावा, कॉपी केलेला नसावा. दुसरे पथ्य स्टेटस बारचे : `wnd[0]/sbar` मधल्या संदेशाचा प्रकार एरर असतो तसाच इशाराही असतो. इशारा एंटर दाबून ओलांडता येतो, आणि घाईने लिहिलेले बॉट तो सरसकट ओलांडतात. डुप्लिकेट बिलाची सूचना इशारा म्हणून ठेवलेली असेल तर ती त्यातच विरते. ओळखीचे इशारे नावानिशी लिहून ठेवावेत आणि अनोळखी इशाऱ्याला बिल पोस्ट न करता `FV60` मधून पार्क करून माणसाकडे पाठवावे.

तारखेचा हा गोंधळ मुळातूनच टाळायचा तर `BAPI_ACC_DOCUMENT_POST` हे फंक्शन वापरता येते. त्याला तारीख वर्ष-महिना-दिवस या एकाच रूपात द्यावी लागते आणि मध्ये स्क्रीनच नसते. त्यासाठी सॅपच्या एबॅप भाषेत कोड लिहिणारा डेव्हलपर आणि आयटी विभागाची मंजुरी लागते. ती मिळेपर्यंत कित्येक ठिकाणी तात्पुरता म्हणून आलेला बॉट वर्षानुवर्षे चालतो, आणि ज्याने तो लिहिला तो तोवर नोकरी बदलून गेलेला असतो.